महिन्याचा दर, वर्षाचा दर

निवृत्तीच्या पैशांतून नऊ लाखांची मुदत ठेव करायची आणि व्याज दरमहा बचत खात्यात घ्यायचे, असा बेत पुष्कळ जण आखतात. दर सात टक्के असेल, तर वर्षाचे त्रेसष्ट हजार, म्हणजे महिन्याचे ५,२५० रुपये, एवढा हिशेब मनातल्या मनात होतो. प्रत्यक्षात खात्यात येतात ५,२२०. महिन्याला तीस रुपये कमी का, म्हणून काउंटरवर वाद होतो आणि बँकेने व्याज कापले अशी समजूत कायमची बसते.

बँकेने काहीच कापलेले नसते. मुदत ठेवीवरचे व्याज आपल्याकडे बहुधा तिमाहीने धरतात. सात टक्क्यांच्या ठेवीवर तीन महिन्यांनी पावणेदोन टक्के, म्हणजे १५,७५० रुपये होतात. ती रक्कम तीन महिने न थांबता दरमहा घेतली, तर पहिला हप्ता दोन महिने आधी हातात पडतो आणि दुसरा एक महिना आधी. आधी मिळालेल्या पैशावर तेवढ्या दिवसांचे व्याज सुटते, म्हणून बँक हप्ता थोडा कमी ठेवते. ५,२२०चे तीन हप्ते १५,६६० होतात. पहिल्या दोन हप्त्यांवर त्याच दराने मिळू शकणारे सुमारे नव्वद रुपये त्यात मिळवले की १५,७५०चा मेळ बसतो.

योजनांची तुलना करताना हीच गोष्ट लक्षात ठेवायची. वर्षाच्या दराला बाराने भागून महिन्याचा समतुल्य दर मिळत नाही, आणि महिन्याच्या दराला बाराने गुणून वर्षाचा मिळत नाही. महिन्याच्या दराचे वर्षात रूपांतर करताना एक रुपया बारा महिने वाढत गेला असे समजायचे: महिना एक टक्का असेल, तर १ला १.०१ने बारा वेळा गुणत जायचे. उत्तर १.१२६८ येते, म्हणजे वर्षाला १२.६८ टक्के. उलट जाताना बारावे मूळ काढावे लागते. ते हाताने काढणे अवघड, पण एक्सेलमध्ये एका ओळीचे काम आहे.

```
=(1+0.01)^12-1
=(1+0.076)^(1/12)-1
```

आता एक तुलना करून पाहू. टपाल खात्याच्या मासिक उत्पन्न योजनेचा दर एप्रिल २०२३मध्ये ७.४ टक्के झाला आणि एकट्याच्या नावावरची मर्यादा नऊ लाख. त्यावर महिन्याला ५,५५० रुपये मिळतात. समोर दुसरी ठेव आहे असे धरू, वर्षाला ७.६ टक्के, व्याज वर्षअखेरीस एकदाच. आकडा तिचा मोठा. पण ७.४ला बाराने भागून येणारा ०.६१६७ टक्के हा टपालाचा खरा मासिक दर वर्षात बदलला, की ७.६६ टक्के होतात. टपालाची योजना पुढे गेली.

इथेच घाई करू नये. दरमहाचे ५,५५० त्याच दराने पुन्हा गुंतले, तरच ७.६६ खरे. टपालात न उचललेल्या मासिक व्याजावर व्याज मिळत नाही. ते चार टक्क्यांच्या बचत खात्यात पडून राहिले, तर वर्षअखेरीस सगळे मिळून ६७,८००च्या आसपास भरतात. दुसरी ठेव ६८,४०० देते. ज्याला दरमहा पैसे लागत नाहीत, त्याच्यासाठी दुसरी ठेवच बरी.

ज्याला दरमहा किराणा, औषधे, विजेचे बिल याच व्याजातून भागवायचे आहे, त्याने उलटा हिशेब करावा. वर्षाचे ७.६ टक्के म्हणजे महिन्याचे ०.६१२३ टक्के, नऊ लाखांवर ५,५११ रुपये. टपालाचे ५,५५० त्याहून ३९ रुपयांनी जास्त आहेत, शिवाय ते वेळेवर हातात पडतात. पैसे कधी लागणार, हे आधी ठरवल्याशिवाय या दोन योजनांत चांगली कोणती, हे कोणीही सांगू शकणार नाही. एजंटने सांगितले तरी मानू नये.

दर लहान असताना हा फरक काही दशांशांचा राहतो. मोठ्या दराला तो झपाट्याने फुगतो. महिना दोन टक्के म्हणजे चोवीस नव्हे, वर्षाला २६.८२ टक्के. अशी हमी कोणी देत असेल, तर टपालाच्या तिपटीहून जास्त परतावा कोणत्या धंद्यातून येणार, हे त्याच्याकडून लेखी मागावे.

आणि हे सूत्र फक्त दर महिन्याला ठरलेल्या दराला लागू आहे. एखाद्या शेअर फंडाने गेल्या महिन्यात दोन टक्के कमावले, म्हणून त्याचे वर्षाचे २६.८२ टक्के करणे चूक. पुढच्या महिन्यात तो दोन टक्के पडला, तर शंभराचे १०२ आणि १०२चे ९९ रुपये ९६ पैसे होतात.