किराणा दुकानातील साठा-फलक व पुनरादेश पातळी

गुणाकार व सरासरी हे विषय वरच्या वर्गांत शिकवून होतात, परंतु त्यांचा व्यवहारात उपयोग कोठे होतो असे विद्यार्थ्याने विचारल्यास उदाहरण दुरून आणावे लागते. गावातील किराणा दुकान हे असे उदाहरण अगदी हाताशी असते. हल्ली पुष्कळ दुकानांतून मालाचा हिशेब संगणकावर अथवा मोबाइलवर ठेवतात व त्यात संपत आलेला माल रंगाने दाखविणारा एक फलक असतो. त्यास डॅशबोर्ड म्हणतात. हा रंग कशावरून ठरतो, तो केव्हा खरा मानावा व केव्हा फसवा, याचे विवेचन येथे केले आहे.

फलकावर प्रत्येक जिनसेपुढे एक आडवी पट्टी असते. पट्टीची लांबी म्हणजे दुकानात शिल्लक असलेला माल. पट्टीवर एके ठिकाणी उभी खूण असते, तिला पुनरादेश पातळी म्हणतात. साठा उतरत उतरत या खुणेशी आला की नवा माल मागवावयाचा, एवढाच तिचा अर्थ. संगणक नव्हते तेव्हाही ही रीत होतीच. घरात साखरेचे दोन डबे ठेवून पहिला रिकामा होताच दुसरा उघडावयाचा व त्याच दिवशी साखर आणावयास सांगावयाचे, ही गृहिणीची पद्धत म्हणजे पुनरादेश पातळीच होय.

सर्व जिनसांची खूण एकाच जागी का नसते, हे प्रथम पाहावे. एका दुकानात साखर 40 किलो आहे व मिठाचे पुडे 40 आहेत. आकडा सारखाच, परंतु साखर रोज 12 किलो खपते व मीठ रोज 2 पुडे. म्हणजे साखर जेमतेम तीन दिवसांची आहे, तर मीठ वीस दिवसांचे. सबब किती माल आहे हा प्रश्न अपुरा असून, नवा माल येईपर्यंत तो पुरेल काय, हा खरा प्रश्न होय.

आता तूरडाळीचे उदाहरण सविस्तर घेऊ. मागील तीन महिन्यांच्या नोंदींवरून असे दिसते की, डाळ सरासरीने रोज 6 किलो खपते; बाजाराच्या दिवशी खप 9 किलोपर्यंत जातो. तालुक्याच्या गावी मागणी नोंदविल्यावर टेम्पो साधारणतः 4 दिवसांनी येतो. कधी उशीर झाला तर 6 दिवस लागतात. सर्व सुरळीत चालल्यास या काळात 6 × 4 म्हणजे 24 किलो डाळ लागेल. खपही अधिक व टेम्पोही उशिरा, असे दोन्ही एकदम घडल्यास 9 × 6 म्हणजे 54 किलो लागेल. म्हणून पुनरादेश पातळी 54 किलो ठरविली. या दोहोंतील फरक 30 किलो, हा राखीव साठा होय. तो अडचणीच्या दिवसांसाठी असतो.

सोमवारी सकाळी दुकानात 72 किलो डाळ आहे. सोमवारी 6, मंगळवारी 7 व बुधवारी 6 किलो विकली गेली. बुधवारी रात्री शिल्लक 53 किलो राहिली व फलकावर पट्टी पिवळी झाली. दुकानदाराने त्याच रात्री 50 किलोची 2 पोती मागविली. यानंतर रोज 6 किलो खप धरल्यास चौथ्या दिवशी, म्हणजे रविवारी रात्री, शिल्लक 29 किलो होते. ती राखीव साठ्याहून कमी असल्याने पट्टी तांबडी होते. टेम्पो येण्याचा साधारण दिवस हाच होता. म्हणजे या वेळी तांबड्या रंगाचा अर्थ, नवी मागणी नोंदवा, असा नसून, नोंदविलेला माल का आला नाही याची चौकशी करा, असा आहे. टेम्पो सहाव्या दिवशी आला तरी 17 किलो डाळ उरलेली असेल व गिऱ्हाइकास परत जावे लागणार नाही.

यावरून एक नियम निघतो. पिवळा रंग ठरविताना हातचा साठा व मागविलेला माल यांची बेरीज धरावी. तांबडा ठरविताना मात्र केवळ हातचा साठा धरावा. ही बेरीज न धरल्यास फलक रोज ‘मागवा’ म्हणत राहील, दुकानदार पुनःपुन्हा मागवील, व डाळीस कीड लागेपर्यंत पैसा पोत्यांत अडकून पडेल. शाळेत संगणक असल्यास तक्त्याच्या B रकान्यात हातचा साठा, C मध्ये मागविलेला माल, D मध्ये पुनरादेश पातळी व E मध्ये राखीव साठा लिहून पुढील सूत्र द्यावे.

```
=IF(B2<E2,"तातडी",IF(B2+C2<=D2,"मागवा","पुरेसा"))
```

फलक चुकतो तो बहुधा दोन कारणांनी. पहिले कारण, नोंद व फळी यांचा मेळ नसणे. उधारीवर दिलेला माल लिहावयाचा राहतो, पोते फाटते, उंदीर खातात. फलकावर पट्टी हिरवी असते व डबा मात्र रिकामा. हे ओळखण्याची खूण अशी की, रोज खपणारी एखादी जिन्नस शिल्लक दिसत असूनही चार-पाच दिवसांत तिची एकही विक्री नोंदलेली नसते. अशी जिन्नस प्रत्यक्ष मोजून पाहावी व नोंद दुरुस्त करावी.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. एखाद्या महिन्यात 30 दिवसांपैकी 10 दिवस डाळ दुकानात नव्हतीच व उरलेल्या 20 दिवसांत 120 किलो विकली गेली, असे समजा. 120 ला 30 ने भागल्यास खप रोज 4 किलो येतो. वस्तुतः तो 6 किलो आहे, कारण माल नसलेल्या दिवशी खप मोजताच येत नाही. 4 किलो धरून ठरविलेली पातळी खाली जाते, म्हणून माल पुन्हा संपतो, व पुढील सरासरी आणखी घटते. ज्या दुकानात माल वारंवार संपतो तेथे तो संपतच राहतो, याचे कारण हेच. रोज पावशेर डाळ नेणाऱ्या मजुरास त्या दिवसांत परगावी जावे लागते, आणि ते कोणत्याही नोंदीत येत नाही. यास्तव सरासरी काढताना माल असलेले दिवसच मोजावेत. दिवाळीपूर्वी रवा, मैदा व साखर यांच्या पातळ्या मागील वर्षीच्या त्याच दिवसांतील खपावरून वाढवाव्यात व सण सरताच पूर्ववत कराव्यात.

वर्गासाठी उदाहरण : चहापुडीचे पुडे रोज सरासरी 3 व जास्तीत जास्त 5 खपतात. माल साधारणतः 4 दिवसांनी, उशिरात उशिरा 6 दिवसांनी येतो. हातचे पुडे 26 असून काहीही मागविलेले नाही. पुनरादेश पातळी व राखीव साठा काढा व फलकावर कोणता शब्द दिसेल ते सांगा. (उत्तर : पातळी 30, राखीव साठा 18, शब्द ‘मागवा’.) त्यानंतर विद्यार्थ्यांनी गावातील दुकानदाराच्या संमतीने एका जिनसेचा पंधरा दिवसांचा खप लिहून आणावा व तिची पट्टी फळ्यावर खुणेसह काढावी. माल नसलेला दिवस आढळल्यास त्यापुढे शून्य न लिहिता ‘माल नाही’ असे लिहावे.