फ्रीझरवरचे तारे काय सांगतात?

आज आपण एकाच खुणेच्या दोन अर्थांविषयी बोलू. फ्रिजच्या दारावर बीईईचं मोठं लेबल असतं, त्यावर एक ते पाच तारे असतात. ते विजेच्या वापराविषयी बोलतात. फ्रीझरच्या झाकणावर किंवा माहितीपुस्तिकेत छोट्या ताऱ्यांची आणखी एक ओळ असते, ती थंडीविषयी बोलते. पाच ताऱ्यांचा फ्रिज वीज कमी खाईल, पण त्याचा फ्रीझर दोनच ताऱ्यांचा असू शकतो. आपण बहुतेकजण इथेच फसतो.

आता ही दुसरी ओळ वाचू. एक तारा म्हणजे उणे ६ अंश सेल्सिअस. गोठवलेलं अन्न तिथे साधारण आठवडाभर ठेवावं. दोन तारे म्हणजे उणे १२, तिथे महिनाभर. तीन तारे म्हणजे उणे १८, तिथे तीन महिने किंवा त्याहूनही जास्त; विकतच्या पाकिटाला त्यावरच्या तारखेपर्यंत. चौथा तारा जास्त थंडी दाखवत नाही. तो सांगतो की हा फ्रीझर ताजं अन्न स्वतः गोठवू शकतो. बाकीचे मुख्यतः आधीच गोठलेलं सांभाळण्यासाठी असतात.

असा फरक का? उणे ६ला अन्नातलं सगळं पाणी गोठलेलं नसतं, त्यामुळे काही जंतू आणि बुरशी सावकाश का होईना, वाढतात. उणे १८ला ती वाढ थांबते. पण जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात; अन्न बाहेर काढून कोमट झालं की पुन्हा कामाला लागतात. शिवाय स्निग्ध पदार्थ हळूहळू खवट होतच राहतात. म्हणून तिथेही मुदत असते, पण ती मुख्यतः चवीची.

एक उदाहरण घेऊ. जानेवारीत मटार स्वस्त होतो. आपण दोन किलो सोलतो, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवतो, लगेच गार पाण्यात टाकतो आणि निथळून पिशव्या भरतो. फ्रीझर चार ताऱ्यांचा असेल तर हे दाणे गणपतीपर्यंत चांगले राहतील. दोन ताऱ्यांचा असेल तर फेब्रुवारीतच संपवावेत. त्यातही दाणे सावकाश गोठतात, बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फाटतात आणि शिजवल्यावर मटार लिबलिबीत लागतो. विकतच्या मटारचंही तसंच. पाकिटावरची तारीख उणे १८ गृहीत धरून छापलेली असते. आपला फ्रीझर तेवढा थंड नसेल, तर ती तारीख आपल्यासाठी नाही.

ताऱ्यांची ओळ सापडलीच नाही तर? फ्रीझरसाठीचा थर्मामीटर दोन पाकिटांच्या मध्ये रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाचा. तो नसेल तर आइस्क्रीम पाहा. रात्रभर ठेवूनही चमचा सहज रुतत असेल, तर बहुधा उणे १८ गाठलेलं नाही. मग मुदत महिन्याचीच धरावी, आणि आइस्क्रीम अगदी पातळ राहत असेल तर आठवड्याची.