स्कायरिमची एकच फाइल मागे नेताना

११ नोव्हेंबर २०२१ ला ‘स्कायरिम’ या गेमला दहा वर्षं झाली. बेथेस्डा कंपनीने त्या दिवशी ‘अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन’ आणली. ती ज्यांनी विकत घेतली नव्हती, त्यांच्या जुन्या ‘स्पेशल एडिशन’वरही स्टीमने एक अपडेट चढवलं, आणि गेमचा क्रमांक 1.5.97 वरून 1.6.317 झाला. साध्या खेळाडूला त्यात मासेमारी आणि आणखी दोन-चार गोष्टी फुकट मिळाल्या. ज्यांनी वर्षानुवर्षं हौसेने मॉड लावून गेम सजवला होता, त्यांचा गेम मात्र सुरूच होईना.

सगळेच मॉड बिघडले होते असं नाही. नवे कपडे, नवी घरं, डोंगरांची सुबक चित्रं देणारे मॉड पूर्वीसारखेच चालत होते, कारण ते फक्त गेमच्या माहितीत भर घालतात. कोसळले ते दुसऱ्या जातीचे. गेमच्या अधिकृत साधनांनी जे करता येत नाही ते करून घेण्यासाठी चाहत्यांनी ‘स्कायरिम स्क्रिप्ट एक्स्टेंडर’, म्हणजेच एसकेएसई, लिहिला. त्याच्या आधाराने चालणारे मॉड `.dll` फाइलच्या रूपात येतात आणि `Data\SKSE\Plugins` या फोल्डरमध्ये बसतात. अपडेटनंतर आपला मॉड का रुसला हे कळायला आधी तिथे डोकवावं. मॉडची `.dll` तिथे नसेल, तर गेम मागे नेऊन बहुधा काहीच हाती लागणार नाही.

या फाइली एवढ्या नाजूक का असतात? गेम चालू झाला की त्याचा मुख्य प्रोग्रॅम `SkyrimSE.exe` संगणकाच्या स्मृतीत जाऊन बसतो. त्यातल्या प्रत्येक कामाचा, म्हणजे तलवारीचा घाव मोजणं, दार उघडणं वगैरेंचा, एक ठरलेला पत्ता असतो. मॉड त्या पत्त्यावर जाऊन आपलं काम घुसवतो. कंपनीने प्रोग्रॅम पुन्हा बांधला की पत्ते सरकतात. एखाद्या सोसायटीने रातोरात सगळ्या फ्लॅटना नवे नंबर द्यावेत आणि पोस्टमनच्या हातात जुनीच यादी असावी, तसं हे. चुकीच्या पत्त्यावर घुसलेला मॉड गेमसकट कोसळतो.

यावर चाहत्यांनी उपाय आधीच शोधला होता. ‘अ‍ॅड्रेस लायब्ररी’ नावाचा मॉड प्रत्येक कामाला एक कायमचा क्रमांक देतो आणि कोणत्या आवृत्तीत त्या क्रमांकाचा पत्ता काय, याची यादी पुरवतो. पण २०२१ मध्ये बेथेस्डाने प्रोग्रॅम बांधण्याचं साधनच बदललं, नवा कंपायलर घेतला. त्यामुळे पत्ते तर सरकलेच, शिवाय काही कामं दुसऱ्या कामांच्या पोटात विरघळली आणि त्यांना स्वतंत्र पत्ताच उरला नाही. यादी नव्याने करून भागणार नव्हतं. मॉड लिहिणाऱ्यालाच पुन्हा बसणं भाग होतं. एसकेएसईच्या मंडळींनी ते केलं. पण ज्यांचे लेखक छंद सोडून केव्हाच निघून गेले होते, ते मॉड 1.5.97 वरच राहिले. ‘डॉटनेट स्क्रिप्ट फ्रेमवर्क’ही 1.5.97 वरच राहिलं. गेम कोसळला की कशामुळे कोसळला याचा अहवाल लिहून देणारं हे साधन, आणि त्याच्यावर आणखी काही मॉड उभे होते.

अशा मॉडसाठी गेम मागे न्यायचा. काही गेम बनवणारे हे सोपं करून ठेवतात. ‘रिमवर्ल्ड’च्या जुन्या आवृत्त्या स्टीममधल्या ‘बीटाज’ या यादीतून थेट निवडता येतात. स्कायरिमला ती सोय नाही, पण स्टीमच्या कन्सोलमधून स्वतः विकत घेतलेल्या गेमचा जुना भाग मागवता येतो. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत `steam://open/console` लिहिलं की स्टीममध्ये कन्सोल उघडतं. त्यात ही ओळ द्यायची:

```
download_depot 489830 489833 2289561010626853674
```

पहिला आकडा गेमचा, दुसरा गेमच्या ज्या गठ्ठ्यात मुख्य प्रोग्रॅम असतो त्याचा, आणि तिसरा त्या गठ्ठ्याच्या 1.5.97 या आवृत्तीचा. गेमचे आणखी दोन मोठे गठ्ठे आहेत. त्यांत चित्रं, आवाज, नकाशे असं कित्येक जीबींचं सामान असतं. ते मागे नेण्याची गरज सहसा पडत नाही. पत्ते `SkyrimSE.exe` मध्ये आहेत, तेव्हा तेवढी फाइल बदलली की पुरे. बरेच जण सगळा गेम पुन्हा उतरवत बसतात, ते मला तरी फुकटचे श्रम वाटतात.

डाउनलोड चालू असताना पडद्यावर प्रगतीची पट्टी दिसत नाही. काहीच घडत नाही असं वाटून ओळ पुन्हा पुन्हा देऊ नये. काम संपलं की कन्सोलमध्ये तसा संदेश आणि फोल्डरचा मार्ग येतो. तो बहुधा `steamapps\content\app_489830\depot_489833` असा असतो. गेमच्या फोल्डरमधली `SkyrimSE.exe` आधी दुसरीकडे जपून ठेवावी आणि मग जुनी तिच्या जागी टाकावी. कुणा अनोळखी माणसाने दिलेली तयार फाइल मात्र घेऊ नये: ती चोरीची असते, आणि तिच्यात काय भरलंय हे कळायला मार्ग नसतो.

आता सोबतचं सामानही त्याच काळातलं हवं. 1.5.97 ला एसकेएसईची 2.0.20 ही आवृत्ती लागते. तिच्यात `skse64_1_5_97.dll` ही फाइल असते. अ‍ॅड्रेस लायब्ररीची यादी `version-1-5-97-0.bin` नावाची असावी. `versionlib` ने सुरू होणारी यादी नव्या गेमची, ती इथे चालत नाही. इथे झालेली गल्लत ओळखणं सोपं असतं: गेम दारातच अडतो आणि आवृत्ती जुळत नसल्याचा संदेश देतो. सगळं जमलं का हे पाहायला फाइलवर राइट क्लिक करून तपशिलात 1.5.97.0 दिसतं का बघावं, आणि गेममधल्या कन्सोलमध्ये `getskseversion` लिहून एसकेएसई काय उत्तर देतो ते पाहावं.

खरा त्रास पुढे सुरू होतो, कारण आपण फाइल बदलली हे स्टीमला ठाऊकच नसतं. फाइली तपासून घेण्याचं बटण चुकून दाबलं, की ते जुनी फाइल बिघडलेली समजून नवी आणून ठेवतं. पुढचं अपडेट आलं तरी तेच. म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये अपडेट फक्त गेम सुरू करतानाच व्हावं असं निवडतात आणि स्टीमचं प्ले बटण न वापरता नेहमी `skse64_loader.exe` वरून आत शिरतात. काही जण `appmanifest_489830.acf` ही नोंदीची फाइल ‘रीड-ओन्ली’ करतात, म्हणजे स्टीमला तिच्यात काही लिहिता येत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या 1.6.1130 ने आणखी एक पेच टाकला. छोट्या, `.esl` जातीच्या मॉड फाइलींची क्षमता कंपनीने २,०४८ नोंदींवरून ४,०९६ केली, आणि अशा फाइलींच्या माथ्यावरचा आकडा 1.70 चा 1.71 झाला. जुन्या गेमला हा नवा आकडा झेपत नाही. लक्षण असं की एसकेएसई ठीक चालतं, जुने मॉडही चालतात, पण नुकताच उतरवलेला एखादा मॉड घातला की गेम सुरुवातीलाच कोसळतो किंवा त्या मॉडमधल्या वस्तू गायब असतात. ‘बॅकपोर्टेड एक्स्टेंडेड ईएसएल सपोर्ट’ हा मॉड ती जास्तीची क्षमता 1.5.97 ला मिळवून देतो. फक्त प्रोग्रॅमची फाइल मागे नेणाऱ्यांनी तो लावूनच ठेवावा, कारण त्यांच्याकडचं बाकीचं सामान नव्या काळातलं असतं.

सेव्ह केलेल्या खेळाला मात्र असा उतारा नाही. नव्या आवृत्तीत जपून ठेवलेला खेळ जुन्या आवृत्तीत उघडला, तरी पुढे तो कुठे अडखळेल हे सांगता येत नाही. त्यामुळे अपडेट होण्याआधीचा एखादा सेव्ह हाताशी असेल तर तिथून पुढे जावं, नसेल तर नवा खेळ मांडावा.