मेणाचे डाग : टेबलक्लॉथवरचे आणि फरशीवरचे

वैशाख पौर्णिमेचा कार्यक्रम संपला, खुर्च्या रचून झाल्या, मूर्तीपुढच्या टेबलावरची फुले उचलली गेली, की मागे जे उरते त्याबद्दल कोणी भाषण करीत नाही. पांढऱ्या टेबलक्लॉथवर मेणबत्त्यांचे गोठलेले ओघळ असतात आणि खाली फरशीवर मेणाच्या पणत्यांची गोल ठिगळे. एका वर्षी ही साफसफाई आमच्याकडे आली आणि आम्ही ती पार बिघडवली. त्या चुकांतून जे शिकलो ते सभासदांच्या, आणि दरवर्षी टेबल मांडण्याचे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या, उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

आमची पहिली चूक बँकेतल्या सवयीची. सीलबंद पाकिटांवरची लाख बोटांना किंवा कपड्याला लागली तर ती स्पिरिटने निघते, हे आम्हाला ठाऊक होते. मेण म्हणजे तिचेच भावंड असे समजून आम्ही टेबलक्लॉथवर स्पिरिट चोळले. काहीच झाले नाही. होणारही नव्हते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, मेणबत्तीचे मेण विरघळत नाही. हे मेण बहुधा पॅराफिन असते, म्हणजे खनिज तेलापासून निघणारा पदार्थ. ते वितळले की तेलासारखेच वागते आणि सुताच्या धाग्यांत शिरते. कापसाची वात तेल वर ओढते, तसाच टेबलक्लॉथचा कापूस मेण ओढून घेतो. म्हणून वरचा थर खरवडला तरी खाली तेलकट, काळपट, उजेडात अर्धपारदर्शक दिसणारा डाग राहतो. मेणाचा थर आणि हा तेलकट डाग ही दोन वेगळी कामे आहेत, एवढे लक्षात ठेवले की पुढचे सोपे जाते.

दुसरी चूक इस्त्रीची. वर्तमानपत्र अंथरून, इस्त्री सुती कापडाच्या खुणेवर ठेवून आम्ही जोराने फिरवली. सुती कापडाच्या खुणेवर इस्त्री २०० अंशांच्या आसपास तापते. मेण साधारण ५० ते ६५ अंशांतच वितळते. इतक्या तापात ते पाण्यासारखे पातळ झाले आणि कागदात जाण्याआधीच कापडात चहूकडे पसरले. रुपयाएवढा डाग तळहाताएवढा झाला आणि वर्तमानपत्राची शाई त्यावर उमटली, ती वेगळीच.

योग्य क्रम असा. मेण ओले असताना त्याला हात लावू नये, पुसायला गेले की ते पसरते. ते पूर्ण गोठू द्यावे. मग प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून ती डागावर दहा मिनिटे ठेवावी, किंवा टेबलक्लॉथची घडी पिशवीत घालून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवावी. थंड मेण ठिसूळ होते. कापड दोन्ही हातांनी वाकवले की ते तडकते. उरलेला थर चमच्याच्या कडेने किंवा जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने उचलावा. सुरी वापरू नये, धागा तुटतो. या पायरीवर जेवढे मेण निघेल तेवढे पुढचे काम कमी, म्हणून इथे घाई करू नये.

आता इस्त्री. कापडाखाली आणि वर छपाई नसलेला कागद ठेवावा. टिपकागद उत्तम, तो नसेल तर टिश्यू पेपर चालतो. इस्त्री रेशमी कापडाच्या खुणेवर ठेवावी, वाफ बंद असावी. ती फिरवू नये. डागावर आठ-दहा सेकंद टेकवून उचलावी. कागदावर तेलकट ठसा उमटतो. प्रत्येक वेळी कागदाचा कोरा भाग सरकवावा, नाहीतर तेच मेण परत कापडात जाते. कोऱ्या कागदावर ठसा उमटणे बंद झाले, की इस्त्रीचे काम संपले.

तरीही किंचित तेलकटपणा उरतो. तो कागदाला नाही, साबणाला दाद देतो. कापड उलटे करून डागाच्या मागच्या बाजूने भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब बोटाने चोळावेत, पंधरा मिनिटे ठेवावे आणि हाताला सोसेल इतक्या गरम पाण्याने धुवावे. गरम पाणी इथेच वापरायचे, सुरुवातीला नाही. उन्हात घालण्याआधी परीक्षा घ्यावी : डागाच्या जागी थोडे वाळले की पाण्याचा एक थेंब टाकावा. थेंब लगेच शोषला गेला तर कापड स्वच्छ झाले. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर मेण अजून आत आहे. तेव्हा लिक्विडची पायरी पुन्हा करावी. आमचा तळहाताएवढा डाग अशा तीन फेऱ्यांनी गेला. शाई मात्र पुसटशी राहिली.

रंगीत मेणबत्तीचे मेण असेल तर इस्त्री शेवटी आणि हलक्या तापाने वापरावी, कारण ताप मिळाला की रंग धाग्यात पक्का बसतो. थंड करून जास्तीत जास्त मेण काढावे. मग उरलेल्या रंगावर कापसाच्या बोळ्याने स्पिरिट टिपावे. मेणाला न सोडणारे स्पिरिट रंगाला बऱ्याचदा सोडवते. स्पिरिट पूर्ण उडून गेल्याशिवाय मात्र इस्त्री जवळ आणू नये, ते पेट घेते. रॉकेल किंवा पेट्रोल तर वापरूच नये. आगीचा धोका आहेच, शिवाय रॉकेल स्वतःचा तेलकट डाग सोडते.

आता फरशी. त्याच संध्याकाळी आम्ही पणत्यांच्या जागी बादलीभर गरम पाणी ओतून पोछा मारला. फरशी चकचकीत दिसली आणि आम्ही निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनेला आलेल्या एका वयस्क उपासिका तिथेच घसरल्या. मनगटाला मार बसला, हाड वाचले. गरम पाण्याने मेण निघाले नव्हते, पातळ होऊन सगळीकडे पसरले होते आणि थंड झाल्यावर त्याचा न दिसणारा थर बसला होता. मेणाचे काम नुसते दिसण्याचे नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

चकचकीत टाइलवर क्रम तोच. बर्फ, मग प्लास्टिकच्या कार्डाने जवळजवळ आडवे धरून खरवडणे, तुकडे कागदात गोळा करणे. त्यानंतर गरम पाण्यात लिक्विड घालून पिळलेल्या फडक्याने डागाच्या कडेकडून मध्याकडे पुसावे आणि प्रत्येक पुसण्याला फडक्याची स्वच्छ बाजू घ्यावी. शेवटी साध्या पाण्याने पुसून कोरडे करावे. टाइलवर पाण्याचा थेंब काही सांगत नाही, तो तिथे तसाही शोषला जात नाही. बोट ओढून पाहावे. बोट सुळकन सरकले, किंवा तिरक्या उजेडात धुरकट पट्टा दिसला, तर पुन्हा पुसावे.

मोझॅइक किंवा शहाबादी फरशी मात्र मेण पिते. तिथे खरवडून झाल्यावर हेअर ड्रायरने जागा कोमट करावी आणि टिश्यू पेपर दाबून मेण टिपावे. तेलाच्या पणतीचा जुना डाग असेल तर टाल्कम पावडर, थोडे लिक्विड आणि पाणी यांचा घट्ट गोळा करून बोटभर जाड थापावा, वर प्लास्टिक झाकून एक दिवस ठेवावा, मग प्लास्टिक काढून तो पूर्ण वाळू द्यावा आणि झाडून काढावा. वाळताना पावडर तेल वर ओढते. जुन्या डागाला दोन-तीन वेळा करावे लागते, आणि फार जुना डाग फिका होतो पण पूर्ण जात नाही. लिंबू, व्हिनेगर किंवा अ‍ॅसिड लावू नये. मोझॅइकमधल्या संगमरवरी कपच्या आणि सिमेंट त्याने खातात, मेणाला मात्र काही होत नाही.

खरवडलेले मेण मोरीत टाकू नये, थंड झाले की पाइप तुंबतो. आम्ही आता ते डब्यात जमवतो. आणि टेबल मांडताना प्रत्येक मेणबत्तीखाली खोलगट स्टीलची बशी ठेवतो. तेव्हापासून टेबलक्लॉथला इस्त्रीचा टिपकागद फारसा लागलेला नाही.