चार दिवसांनी वाचताना

लेख लिहून झाल्या झाल्या वाचला, तर डोळे कागदावरचं नव्हे, मनातलं वाचतात. चार-पाच दिवसांनी मनातलं विरतं आणि कागदावर नसलेलं दिसू लागतं.

समजा, लासलगावच्या कांदा लिलावावर लेख आहे. दुसऱ्या वाचनात आधी पाहायचं, तो खरा सुरू कुठे होतो. पहिल्या दोन परिच्छेदांत ‘भारत कृषिप्रधान देश आहे’ छापाचं काही असतं; ट्रॅक्टरची रांग आणि पहिली बोली येते तिसऱ्यात. पहिले दोन बहुधा लेखकाने हात मोकळा करण्यासाठी लिहिलेले असतात. ते झाकून वाचावं. काहीच अडलं नाही, तर काढावेत. त्यांत एखादी गरजेची माहिती असेल, तर तेवढीच पुढे न्यावी.

मग सर्वनामं. ‘शेतकऱ्याने व्यापाऱ्याला कांदा दाखवला तेव्हा तो हसला.’ कोण हसला? लिहिताना हा प्रश्न पडतच नाही, कारण हसणारा डोळ्यांसमोर असतो. ‘कांदा पाहून व्यापारी हसला’ एवढं पुरतं.

शुद्धलेखन मात्र शेवटी पाहा. जो परिच्छेद उडणार आहे, त्यातल्या वेलांट्या सुधारण्यात वेळ घालवू नका.