अडीच लाखांची रेघ

औराद किंवा भालकीत मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलानं जेईई मेनचा अर्ज भरायला घेतला की पहिली अडचण भाषेच्या रकान्यातच येते. २०२१पासून ही परीक्षा तेरा भाषांत होते आणि त्यांत मराठीही आहे. पण मराठी प्रश्नपत्रिका फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते. कलबुर्गीचं केंद्र घेतलं तर इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा कन्नड यांतूनच निवड करावी लागते. मराठी हवी असेल तर लातूर, नांदेड किंवा सोलापूर गाठायचं. बिदरकडच्या मुलांना हे फारसं परकं वाटत नाही, कारण शिकवणीसाठी लातूरला खोली घेऊन राहणारे कित्येक जण आधीपासूनच तिथं असतात.

परीक्षा झाली, निकाल लागला, की घरात एकच प्रश्न: "अ‍ॅडव्हान्सला बसायला मिळतंय का?" मेनच्या गुणांवर एनआयटीसारख्या संस्थांत प्रवेश होतो, पण आयआयटीसाठी ती केवळ पहिली चाळणी असते. दुसरी परीक्षा जेईई अ‍ॅडव्हान्स. तिला कोण बसणार हे ठरवण्याची रीत बहुतेक पालकांना उलटी वाटते. इतके गुण मिळवले की आत, असा नियमच इथं नाही. आधी माणसांचा आकडा ठरतो आणि गुणांची रेघ त्या आकड्यामागून येते.

२०२०पासून हा आकडा २,५०,००० आहे. २०१३मध्ये मेन आणि अ‍ॅडव्हान्स अशी जोडी सुरू झाली तेव्हा तो १,५०,००० होता. २०१६ला २,००,०००, २०१७ला २,२०,०००, २०१८ला २,२४,००० आणि २०१९ला २,४५,००० असा तो चढत गेला. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुख्य परीक्षेला साधारण जागांच्या बारा-तेरा पट उमेदवार घेतले जातात, म्हणजे जागा बदलल्या की यादीही बदलते. आयआयटीची यादी जागांना अशी बांधलेली नाही. संयुक्त प्रवेश मंडळ एक गोल आकडा जाहीर करतं. २०२४मध्ये आयआयटीच्या १७,७४० जागा होत्या, त्या हिशोबानं यादी चौदा पट भरते.

एवढी लांब यादी कशाला? कारण यादीत नाव येणं आणि परीक्षेला बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२४ला नोंदणी केली १,८६,५८४ जणांनी आणि दोन्ही पेपर दिले १,८०,२०० जणांनी. म्हणजे पात्र ठरलेल्यांतल्या साठ हजारांहून अधिक जणांनी अ‍ॅडव्हान्सचा फॉर्मच भरला नाही. कुणाला हवी ती एनआयटी मिळणार असते, कुणाला आयआयटी आपल्या आवाक्यातली वाटत नाही. यादी आखडती ठेवली असती तर ही गळती थेट वर्गातल्या रिकाम्या बाकांवर दिसली असती.

चाळणी फार बारीक झाली तर काय होतं, ते २०१८ साली दिसलं. तेव्हा अडचण दुसऱ्या टप्प्याच्या कटऑफची होती. ११,२७९ जागांसाठी अ‍ॅडव्हान्समधून फक्त १८,१३८ जण उत्तीर्ण ठरले. काही प्रवर्गांत पुरेसे उमेदवार उरणार नाहीत हे दिसताच केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयानं प्रत्येक प्रवर्गात जागांच्या किमान दुप्पट उमेदवार घ्यायला सांगितलं. निकाल लागल्यावर कटऑफ खाली आणावा लागला आणि उत्तीर्णांची संख्या ३१,९८० झाली.

आता यादीच्या आत डोकावू. अडीच लाख एकाच रांगेतून मोजत नाहीत. खुल्या गटाला ४०.५ टक्के, ओबीसी-एनसीएलला २७, एससीला १५, ईडब्ल्यूएसला १० आणि एसटीला ७.५ टक्के. खुल्या गटाच्या १,०१,२५० जागा खरोखरच सगळ्यांना खुल्या असतात. गुणवत्तेनं त्यांत बसणारा कुठल्याही प्रवर्गाचा विद्यार्थी तिथंच मोजला जातो आणि मग उरलेल्यांतून बाकीचे रकाने भरतात. प्रत्येक रकान्यात पाच टक्के वाटा दिव्यांगांचा असतो.

या मांडणीतून चमत्कारिक वाटणारे आकडे निघतात. २०२४ला दिव्यांग उमेदवारांचा कटऑफ ०.००१८७०० पर्सेंटाइल होता. वाचणारा हादरतो, पण कारण साधं आहे: राखून ठेवलेल्या संख्येपेक्षा उमेदवारच कमी होते. रेघ ओढायला रांगच पुरी नसेल तर ती शेवटच्या माणसाच्या पायाशी जाऊन थांबते. उरलेला वाटा इतरांकडे वळला. त्या वर्षीची यादी नेमकी २,५०,००० न होता २,५०,२८४ झाली, कारण रेघेवर सारख्याच गुणांनी उभ्या असलेल्यांना तोडता येत नाही, सगळ्यांना आत घ्यावं लागतं.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. आपल्या शिफ्टला बसलेल्यांपैकी किती जणांना आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण आहेत, हे तो सांगतो. तो सात दशांश स्थळांपर्यंत काढतात आणि जानेवारी-एप्रिल या दोन सत्रांतला चांगला आकडा धरतात. म्हणून पेपर अवघड गेला तरी त्यानं एकट्यानं कटऑफ पडत नाही. जास्त फरक पडतो तो गर्दीनं. २०२३ला मेन देणारे अकरा लाखांहून थोडे अधिक होते आणि खुल्या गटाचा कटऑफ ९०.७७८८६४२ लागला. २०२४ला देणारे चौदा लाखांवर गेले, यादी तेवढीच राहिली आणि कटऑफ ९३.२३६२१८१वर पोचला.

समजा, भालकीची एक मुलगी ९२ पर्सेंटाइल घेऊन आली. २०२३ असतं तर ती खुल्या गटातून आत असती. २०२४ला ती त्या रेघेबाहेर. तिच्याकडे ओबीसी-एनसीएलचा ग्राह्य दाखला असेल तर मात्र त्याच वर्षी ती सहज आत, कारण तिथली रेघ ७९.६७५७८८१वर होती, ईडब्ल्यूएसची ८१.३२६६४१२वर. एकाच गुणपत्रिकेचे असे दोन निकाल लागतात.

सीमाभागातल्या घरांची खरी गफलत इथंच होते. राज्याच्या मागास यादीत असलेली जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेलच असं नाही. शिवाय दाखला केंद्राच्या नमुन्यातला आणि चालू आर्थिक वर्षातला लागतो, जुना चालत नाही. दुसरा गैरसमज कलम ३७१(जे)चा. बिदर, कलबुर्गीसह कल्याण कर्नाटकातल्या जिल्ह्यांना त्यानं राज्याच्या नोकऱ्यांत आणि प्रवेशांत मोठा आधार दिला, त्यामुळे तो दाखला प्रत्येक घरात जपून ठेवलेला असतो. पण आयआयटी केंद्राच्या संस्था. तिथल्या अडीच लाखांच्या यादीत या दाखल्याला रकानाच नाही, अगदी आयआयटी धारवाडसाठीसुद्धा.

नाव यादीत आलं की हाती थोडेच दिवस असतात. मेनचा फॉर्म भरला म्हणजे अ‍ॅडव्हान्सचाही भरला असं होत नाही. वेगळी नोंदणी, वेगळं शुल्क. मेनचे गुणही पुढं येत नाहीत, ते दारापर्यंत सोडून परत फिरतात. आयआयटीचा क्रमांक फक्त अ‍ॅडव्हान्सच्या दोन पेपरांवर लागतो. आणि लातूर-सोलापूरला जाऊन मराठीत मेन दिलेल्या मुलाला त्या दिवशी पडद्यावर भाषेचे दोनच पर्याय दिसतात: इंग्रजी आणि हिंदी.