पासवर्ड बरोबर, तरी दार बंद

गेल्या भागात जीमेलचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं. ब्राउझरमध्ये त्यानंतर सगळं सुरळीत चालतं. पण जुन्या कॉम्प्युटरवरच्या आउटलुक २०१०मध्ये तेच खातं जोडायला गेलं, की ते पुन्हा पुन्हा पासवर्ड मागतं आणि कधी `Application-specific password required` असा निरोप दाखवतं. पासवर्ड चुकलेला नसतो. आउटलुक २०१० मेल आणताना सर्व्हरला फक्त दोन गोष्टी सांगू शकतं, नाव आणि पासवर्ड. मोबाइलवर आलेला कोड विचारायला किंवा गूगलचं लॉगिनचं पान उघडायला त्या संभाषणात जागाच नाही. म्हणून गूगल या ॲपपुरता एक वेगळा पासवर्ड देतं, तोच ॲप पासवर्ड.

myaccount.google.com/apppasswords हे पान उघडून ‘ऑफिस आउटलुक’ असं ओळखता येईल ते नाव द्या. १६ अक्षरं चार-चारच्या गटांत दिसतात, आणि ती एकदाच दिसतात. मधल्या मोकळ्या जागा सोडून ती पासवर्डच्या रकान्यात भरा. मेल येते पण जात नाही, अशी अडचण आली तर दोष बहुधा पाठवणाऱ्या सर्व्हरच्या, म्हणजे smtp.gmail.com च्या रकान्यात असतो. तिथे जुनाच पासवर्ड राहून गेलेला असतो.

एवढा खटाटोप कशाला, टू-स्टेपच बंद करू, असं काही जण म्हणतात. त्याने काम होत नाही. ३० मे २०२२पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी अशा ॲपमध्ये नेहमीचा पासवर्ड चालवणं थांबवलं आहे, आणि ॲप पासवर्ड टू-स्टेप चालू असेल तरच मिळतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: या पासवर्डला कोड लागत नाही, मग दुसरी पायरी फुकटच गेली की! अंशतः खरं आहे. तो ज्याच्या हाती लागेल त्याला तुमची सगळी मेल वाचता येईल, त्यात इतर सेवांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंकही आल्या. मात्र त्याने ब्राउझरमधून खात्यात शिरता येत नाही, म्हणून खात्याचा मुख्य पासवर्डही बदलता येत नाही. शिवाय तो यंत्राने बनवलेला असल्यामुळे अंदाजाने सापडणं जवळजवळ अशक्य, आणि कॉम्प्युटर विकताना बाकी काही न हलवता तेवढाच रद्द करता येतो. मुख्य पासवर्ड बदलला, तर मात्र सगळे ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात. महिन्याभराने आउटलुक पुन्हा अडलं तर आधी हे आठवा.

तरीही माझ्या मते हा नाइलाजाचा उपाय आहे. थंडरबर्डची आजची आवृत्ती गूगलचं पान उघडून कोडसकट लॉगिन करू देते, तिथे ॲप पासवर्ड बनवूच नका. आणि ॲप पासवर्डच्या पानावरच्या यादीत ओळखू न येणारं एखादं नाव दिसलं, तर ते आजच काढून टाका.